सात वर्षांचे पेपर आणि एक ढीग: मृदाशास्त्र-अ‍ॅग्रोनॉमीची छोटी उत्तरं

प्रश्न: सर, मी इंदूरला बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सात वर्षांच्या पेपरांच्या झेरॉक्स जमवल्यात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून पाठ करून जातो, पण पेपरात प्रश्न थोडा फिरवलेला असतो आणि चारपैकी दीडच मार्क पडतो. सॉइल सायन्स आणि अ‍ॅग्रोनॉमीची छोटी उत्तरं नेमकी कशी तयार करू? घरी मराठी आणि कॉलेजात हिंदी-इंग्रजी, त्याचाही गोंधळ होतो.

उत्तर:

तुझ्या झेरॉक्स कात्रीने काप. अगदी खरंच काप. एकेका प्रश्नाची चिठ्ठी कर, मागे वर्ष लिही आणि सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर पसर. मग ज्या चिठ्ठ्यांचं उत्तर एकाच कारणातून निघतं त्या एका ढिगात टाक. प्रश्नाचे शब्द सारखे आहेत का हे बघू नकोस. मी मृदाशास्त्राच्या पेपरांचं हे जेव्हा जेव्हा केलं, तेव्हा दहा-बाराच ढीग झाले. तू आज प्रश्न पाठ करतोस, आणि प्रश्न फिरवणं पेपर काढणाऱ्याच्या हातात असतं. ढिगाच्या तळाशी जे आहे ते मात्र त्याला फिरवता येत नाही.

एकच ढीग घेऊन दाखवतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील. एका वर्षी विचारतात, 'खारवट आणि चोपण जमिनीतला फरक लिहा'. दुसऱ्या वर्षी 'ईएसपी म्हणजे काय?'. तिसऱ्या वर्षी 'चोपण जमिनीचा पीएच जास्त का असतो, कारण द्या'. मग 'जिप्समवर टीप', आणि एखाद्या वर्षी थेट गणित, एक हेक्टरला जिप्सम किती लागेल. तुझ्या वहीत ही पाच उत्तरं पाच पानांवर असणार. माझ्या हिशेबाने ते एकच पान आहे.

त्याआधी भाषेचं बोलू, कारण तुझा दीड मार्क तिथेच अडकला असेल अशी मला शंका आहे. आपल्या घरात 'क्षार' म्हणजे मीठ, पाण्यात विरघळलेले लवण. बोअरचं पाणी आलं की आई म्हणते, 'क्षार फार आहेत, डाळ शिजत नाही', आणि नर्मदेचं आलं की खूश होते. मराठी पुस्तकातली 'क्षारयुक्त जमीन' म्हणजेही विद्राव्य लवणांची, खारवट जमीन. हिंदीत हे नेमकं उलटं होतं. तिथे क्षार म्हणजे अल्कली, त्यामुळे 'क्षारीय मृदा' म्हणजे आपली चोपण जमीन, आणि आपली खारवट ती तिथे 'लवणीय मृदा'. मी स्वतः पहिल्या वर्षी हिंदी पेपरात 'क्षारीय मृदा का सुधार' या प्रश्नाला पाणी भरा, निचरा करा, क्षार धुऊन काढा असं दोन पानं लिहिलं होतं. जिप्समचा उल्लेखच नाही. शून्य मिळालं, आणि देणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पुढे उत्तरपत्रिका तपासायला लागलो, तेव्हा मराठी घरातली मुलं हीच चूक करताना दिसली. म्हणून पानाच्या डोक्यावर आधी तीन भाषांची जोडी लिहून टाक: एका ओळीत खारवट, लवणीय, सलाइन; दुसऱ्या ओळीत चोपण, क्षारीय, सोडिक किंवा अल्कली. आणि पेपर हिंदीत लिहायचा असेल तर 'क्षार' हा शब्द मिठासाठी वापरूच नकोस.

आता पानाचा गाभा. तीन आकडे आहेत: ईसी ४, ईएसपी १५, पीएच ८.५. ईसी म्हणजे विद्युत वाहकता, डेसीसीमेन प्रति मीटरमध्ये. ईएसपी म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धन आयनांपैकी सोडियम किती टक्के आहे ते. खारवट जमिनीत ईसी ४ च्या वर, पण ईएसपी १५ च्या आत आणि पीएच ८.५ च्या आत. चोपण जमिनीत उलटं, ईसी ४ च्या आत, ईएसपी १५ च्या वर आणि पीएच ८.५ च्या वर. तिसरी खारवट-चोपण, तिच्यात ईसी आणि ईएसपी दोन्ही जास्त, पण पीएच बहुधा ८.५ च्या आतच राहतो. या सीमा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने १९५४ मध्ये घातल्या आणि परीक्षेत आजही त्याच चालतात. जुन्या पेपरात ईसीचं एकक मिलीम्होज प्रति सेंटिमीटर दिसेल. घाबरू नकोस, आकडा तोच राहतो, फक्त नाव बदललंय.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी लिहिणारा मुलगा तपासणाऱ्याच्या लगेच नजरेत भरतो. ईसी ४ ही सीमा संपृक्त मातीच्या लगद्यातून काढलेल्या अर्काची आहे. माती परीक्षणाच्या अहवालात ईसी बहुतेक वेळा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी या द्रावणात मोजलेली असते. पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो. तो आकडा सरळ ४ शी ताडून पाहिला तर खारवट जमीनही चांगली ठरते.

आकडे पाठ झाले तरी 'कारण द्या' ला ते पुरत नाहीत. तिथे लागतं ते खाली आहे, आणि या ढिगातलं सगळ्यात चवीचं तेच आहे. खारवट जमिनीत मीठ पाण्यात असतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्लोराइड आणि सल्फेट. मीठ भरपूर असल्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, जमीन मोकळी असते, पाणी आत जातं. अडचण झाडाची होते. बाहेरच्या द्रावणाचा परासरण दाब जास्त, म्हणून मुळांना पाणी ओढता येत नाही. जमीन ओली असताना पीक सुकतं. उन्हाळ्यात वर पांढरा पापुद्रा येतो.

चोपण जमिनीत सोडियम पाण्यात थोडाच असतो, बराचसा कणांनाच चिकटलेला असतो. सोडियमचा आयन आपल्याभोवती पाण्याचं मोठं आवरण बाळगतो, त्यामुळे चिकणमातीचे कण जवळ येऊ शकत नाहीत, विखुरतात आणि बारीक छिद्रं बुजवतात. पाऊस पडला की पाणी वर साचून राहतं, वाळल्यावर वर टणक कवच होतं, आणि त्या कवचाखाली अंकुर अडकून मरतो. पीएच का चढतो? कारण या जमिनीत सोडियम कार्बोनेट असतं आणि पाण्याशी त्याची अशी क्रिया होते:

Na₂CO₃ + H₂O ⇌ NaHCO₃ + NaOH

तो शेवटचा सोडियम हायड्रॉक्साइड पीएच ९-१० पर्यंत नेतो. एवढ्या पीएचला सेंद्रिय पदार्थ विरघळतो, पाण्याबरोबर वर येतो आणि पृष्ठभाग काळपट दिसतो. म्हणून जुन्या पुस्तकांत खारवटला पांढरी अल्कली आणि चोपणला काळी अल्कली म्हणतात. 'काळी अल्कली म्हणजे काय' हा दोन मार्कांचा प्रश्न आला तर तो याच पानातून सुटतो. फक्त आपल्या माळव्याच्या काळ्या मातीशी त्याची गल्लत करू नकोस. काळ्या मातीचा रंग वेगळ्या कारणाचा आहे, देपालपूर-सांवेरचं चांगलं रान काही काळी अल्कली नाही.

उपाय कारणातून आपोआप येतो. मीठ पाण्यात आहे, तर चांगल्या पाण्याने धुऊन खाली घालवा आणि निचऱ्याची सोय करा. सोडियम कणांवर आहे, तर आधी त्याच्या जागी कॅल्शियम बसवा आणि मग सुटलेला सोडियम धुवा. त्यासाठी जिप्सम. आता एक प्रश्न जो पेपरवाले फिरवून फिरवून विचारतात: खारवट-चोपण जमीन नुसती धुतली तर काय होईल? मुलं लिहितात, सुधारेल. प्रत्यक्षात बिघडते. धुण्याने मीठ जातं, जे कणांना धरून ठेवत होतं. कणांवरचा सोडियम तसाच राहतो. पीएच चढतो, कण विखुरतात, पाणी मुरणं थांबतं, आणि मग जिप्सम घालूनही सुटलेला सोडियम खाली नेणं मुश्किल होतं. म्हणून जिप्सम आधी आणि धुणं नंतर. ही दोन वाक्यं लिहिलीस की तपासणाऱ्याला कळतं, पोराला विषय समजलाय.

आणखी एक फिरकी: जिप्समऐवजी चुना का नाही, कॅल्शियम तर त्यातही आहे? कारण चढ्या पीएचला चुना जवळजवळ विरघळतच नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, तेवढं पुरतं. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे कंकर आधीच असतात, म्हणून गंधक घालण्याचाही मार्ग आहे. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते आम्ल कंकरातला कॅल्शियम मोकळा करतं. पण जमिनीत चुना असेल तरच, आणि वेळ लागतो. एक टन जिप्समचं काम साधारण १९० किलो गंधकात होतं.

आता गणित. दिलेलं असं समज: धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे सीईसी, ४० सेंटिमोल प्रति किलो; ईएसपी २५, ती १० वर आणायची; खोली १५ सेंटिमीटर; जिप्समची शुद्धता ८० टक्के. सीईसी ४० चे २५ टक्के म्हणजे १० सेंटिमोल सोडियम आज आहे. ठेवायचे १० टक्के, म्हणजे ४. हटवायचे राहिले ६. एक सेंटिमोल सोडियम हटवायला किलोभर मातीला ०.८६ ग्रॅम जिप्सम लागतं, कारण जिप्समचा रेणुभार १७२ आणि कॅल्शियम दोन भारांचा, म्हणून सममूल्य भार ८६. हेक्टरभर रानाच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन पुस्तकी हिशेबाने २२.४ लाख किलो. दोन्हींचा गुणाकार १९.२ लाख ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सेंटिमोलमागे हेक्टरी १.९२ टन. गुणिले ६, झाले ११.५ टन. हे शंभर टक्के शुद्ध जिप्सम. ८० टक्क्यांचं असेल तर ०.८० ने भागायचं, १४.४ टन.

मुलं कुठे घसरतात? शुद्धतेने भागायच्या जागी गुणतात आणि ९.२ टन लिहितात. जिप्सम भेसळीचं असेल तर जास्त लागणार की कमी, एवढं मनात विचारलं तरी ही चूक टळते. दुसरं, जुन्या पेपरात सीईसी मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅममध्ये दिलेली असते. तो आणि सेंटिमोल प्रति किलो हा आकडा एकच, पण मुलं उगाच दहाने गुणून उत्तर ११५ टन आणतात. एका हेक्टरला ११५ टन म्हणजे बारा-पंधरा ट्रक जिप्सम. असं उत्तर आलं की समजायचं, दशांश कुठेतरी निसटला. उत्तरपत्रिकेत थराचं वजन २२.४ लाख किलो धरलंय हेही लिहून ठेव. कोणी घनता १.५ धरून २२.५ लाख घेतं, आणि दोघांचं उत्तर थोडं वेगळं येतं.

ईएसपी १५ ही सीमाही दगडावरची रेघ नव्हे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जास्त, ती फुगते, म्हणून तिथे १५ च्या बऱ्याच आधी पाणी मुरणं मंदावायला लागतं. आपल्याकडे चोपण काळ्या जमिनीचं काम निमाडात बडवाहच्या प्रक्षेत्रावर झालंय. चार मार्कांच्या उत्तरात शेवटची ओळ म्हणून हे येऊ दे, पण दोन मार्कांत याला जागा नाही.

कारण मार्कांप्रमाणे कापणं हीसुद्धा तयारीच आहे. 'ईएसपी म्हणजे काय' दोन मार्कांना आलं तर माझं उत्तर एवढंच असेल: 'मातीच्या कणांवरील विनिमयक्षम सोडियमचे सीईसीशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे ईएसपी. ईएसपी = (विनिमयक्षम सोडियम ÷ सीईसी) × १००. ते १५ पेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण समजतात. उदा. सोडियम १०, सीईसी ४० असल्यास ईएसपी २५.' संपलं. यापुढे जिप्सम लिहीत बसलास तर पुढच्या प्रश्नाचा वेळ खाल्लास. फरकाच्या चार मार्कांना मात्र ईसी, ईएसपी, पीएच, कणांची अवस्था, दिसणं, पिकावर परिणाम आणि उपाय अशा सात ओळी समोरासमोर मांड. खारवटचं अर्धं पान आणि खाली चोपणचं अर्धं पान असं लिहू नकोस. त्याला फरक म्हणत नाहीत, त्या दोन टिपा झाल्या. आणि 'कारण द्या' असेल तर व्याख्येने सुरुवात करूच नकोस, पहिल्याच वाक्यात कारण यायला हवं.

अ‍ॅग्रोनॉमीतला एक ढीग थोडक्यात सांगतो, कारण तिथेही असाच प्रकार आहे. खताचं गणित, 'डीएपीवर टीप', 'सोयाबीनला सिंगल सुपर फॉस्फेट का बरं?' या तीन चिठ्ठ्या एकाच ढिगाच्या. सोयाबीनची शिफारस घे, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक हेक्टरी २५:६०:४०:२० किलो. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. हिशेब नेहमी स्फुरदापासून सुरू कर: ६० भागिले ०.४६, म्हणजे १३० किलो डीएपी. त्यातूनच साडेतेवीस किलो नत्र येऊन गेलं. उरलं दीड किलो, म्हणजे तीन-सव्वातीन किलो युरिया, जो कोणी टाकायला जात नाही. युरियापासून सुरू केलंस तर ५४ किलो युरिया आणि वर डीएपीचं नत्र, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि सगळं गणित कोसळतं. पालाशासाठी ६० टक्क्यांचं म्युरेट ६७ किलो. पण गंधक? शून्य. आता तेच सुपर फॉस्फेटने कर. त्यात १६ टक्के स्फुरद, म्हणून ३७५ किलो लागेल, साडेसात पोती. त्यात ११ टक्के गंधक असतो, म्हणजे ४१ किलो, मागणीच्या दुप्पट, वर कॅल्शियमही. नत्राला ५४ किलो युरिया वेगळा. आता 'का बरं' चं उत्तर कुठून पाठ करायचं राहिलं? तेलबी आणि कडधान्य दोन्ही असलेल्या पिकाला गंधक लागतो, तो डीएपीत नाही आणि सुपरमध्ये फुकट मिळतो. त्याची दुसरी बाजूही लिही, पोती तिप्पट वाहावी लागतात. उत्तर पोत्यांत मागितलं असेल तर लक्षात ठेव, डीएपी आणि सुपरचं पोतं ५० किलोचं, पण युरियाचं आता ४५ चं. जुन्या सोडवलेल्या पेपरात ५० ने भागलेलं सापडेल.

याच जुन्या वह्यांबद्दल एक सावधगिरी. प्रश्न तोच असला तरी काही वेळा उत्तर बदललेलं असतं. 'मृदा वर्गीकरणात किती ऑर्डर?' हा प्रश्न बरेचदा येतो, आणि सीनियरच्या वहीत १० किंवा ११ लिहिलेलं असतं. १९७५ मध्ये १० होत्या, नंतर अँडिसोल आली, १९९८ मध्ये जेलिसोल, आता १२ आहेत. आवश्यक अन्नद्रव्यं १६ की १७? निकेल धरून १७. अभ्यासक्रम बदलला की ढीगसुद्धा जागा बदलतात. समस्याग्रस्त जमिनींचा वेगळा पेपर असलेल्या वर्षांत जिप्समचं गणित तिथे जातं आणि मूलभूत मृदाशास्त्राच्या पेपरात नुसता फरक उरतो. म्हणून चिठ्ठीमागे वर्षाबरोबर पेपरचं नावही लिही, आणि आपल्या सिलॅबसच्या कागदाशी एकदा ताडून बघ. ज्या ढिगात मागच्या तीन वर्षांत एकही चिठ्ठी नाही, तो सिलॅबसमधून गेलाय की नुसता विचारला नाही, हे तिथेच कळेल.